बुरूज नको, दिंडी दरवाजा उघडा

रायगडाच्या हिरकणीची आख्यायिका आपण तिसरी-चौथीपासून ऐकत आलो आहोत. गडावर दूध घालायला आलेली गवळण, कोजागरीची रात्र, दिवस मावळताच बंद झालेले दरवाजे आणि खाली घरात भुकेलं तान्हं लेकरू. पहारेकरी नियमाचा पक्का, दरवाजा उघडेना. मग ती अंधारात कडा उतरून बाळाजवळ गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधून तिचं नाव दिलं. आज महाराष्ट्रातल्या एसटी स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी जी खोली असते, तिलाही आपण 'हिरकणी कक्ष' म्हणतो.

मला मात्र या गोष्टीत नेहमी तो दरवाजा दिसतो. जुन्या वाड्यांच्या आणि गडांच्या मोठ्या दरवाजाला एक लहान दार असतं. त्याला दिंडी दरवाजा म्हणतात. मोठा दरवाजा बंद असला तरी एक माणूस वाकून त्यातून जाऊ शकतो, परत येऊ शकतो. गडाची सुरक्षा ढळत नाही आणि माणसाचं कामही अडत नाही. हिरकणीसाठी असं एखादं दार कुणी उघडलं असतं तर तिला जीव टांगणीला लावावा लागला नसता. आपण साडेतीनशे वर्षं तिच्या धाडसाचे पोवाडे गातो, पण दाराचा विषय कुणी काढत नाही.

हे मी कुणाला सुनावण्यासाठी लिहीत नाही, कारण तो पहारेकरी मी स्वतः होते. बावीस वर्षं मी एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात काम केलं. माझ्या टेबलावर बायकांचे राजीनामे यायचे. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक कारण' असे दोनच शब्द असायचे, आणि त्या वैयक्तिक कारणाचं वय बहुतेक वेळा सहा-सात महिने असायचं. एकदा प्रयोगशाळेतल्या एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, वर्षभर बिनपगारी रजा मिळेल का? मी नक्की परत येईन." मी मान वर न करता म्हटलं, "आपल्याकडे तशी पद्धत नाही." ते खोटं नव्हतं. पण आमच्या सेवाशर्तींच्या पुस्तिकेत एक कलम होतं, की विशेष कारणासाठी व्यवस्थापन बिनपगारी रजा मंजूर करू शकतं. ते मला पाठ होतं आणि मी तिला सांगितलं नाही. तिने राजीनामा दिला. तिच्यासारखं काम येणारी दुसरी मुलगी आम्हाला सात महिने सापडली नाही.

म्हणून आज मी दाराच्या आतल्या बाजूने सांगते आहे. लहान मुलासाठी नोकरी सोडायच्या विचारात असलेल्या प्रत्येक बाईने, आणि हो, प्रत्येक बाप्यानेही, राजीनामा लिहिण्याआधी एक पानाचा अर्ज लिहावा. वर्षभराची रजा मागावी आणि परत कशी येणार, ते त्याच पानावर ठरवून घ्यावं.

कायदा कुठपर्यंत येतो

आधी एक अभिमानाची गोष्ट. देशातला पहिला प्रसूती लाभ कायदा याच भूमीवर झाला, 1929 साली, मुंबई इलाख्यात, गिरणी-कारखान्यांत राबणाऱ्या बायकांसाठी. 1928 साली मुंबई विधिमंडळात त्या विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. बाळंतपणात आईला विसावा मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, तेव्हा त्याचा भार तिच्या एकटीवर पडता कामा नये, अशी त्यांची मांडणी होती. पुढे 1961 साली देशभरासाठी कायदा झाला. 2017 च्या दुरुस्तीने पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली. त्याच तरतुदी आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत.

आता 26 आठवडे म्हणजे किती, ते बाळाच्या बाजूने मोजा. त्यातले आठ आठवड्यांपर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात. ते सगळे आधी घेतले तर आई कामावर परतते तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचं असतं. सहा महिन्यांपर्यंत केवळ आईचं दूध द्या, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे उष्टावण व्हायच्या आत आई कारखान्याच्या बसमध्ये बसलेली असते. रांगणं, दात, पहिलं पाऊल, पहिला शब्द, सगळं पुढे आहे. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यावं, असं कायदा म्हणतो. तुमच्या कंपनीत ते आहे का, हे तुम्हीच पाहून सांगा.

सरकारी नोकरीतल्या बाईला यापुढेही एक दार आहे. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत मिळून 730 दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. पहिल्या 365 दिवसांना पूर्ण पगार, पुढच्या 365 दिवसांना 80 टक्के. ही रजा एकट्याने मूल वाढवणाऱ्या वडिलांनाही मिळते. महाराष्ट्र शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांसाठी ती 180 दिवस आहे. तिथेही मंजुरी लागतेच, पण निदान नियम आहे, अर्जाचा नमुना आहे आणि परत यायची खुर्ची आहे.

खासगी नोकरीत 26 आठवड्यांनंतर वर्षभराची रजा द्या, असं कोणताही कायदा मालकाला सांगत नाही. हे स्वच्छ समजून घ्या, म्हणजे पुढे फसगत होणार नाही. ही रजा मागून, पटवून आणि लिहून घ्यावी लागते. पण कायदा मनाई करतो असंही नाही. अनेक कंपन्यांच्या सेवाशर्तींत किंवा स्थायी आदेशांत बिनपगारी रजेचं एखादं कलम असतंच, फक्त ते कुणी वाचलेलं नसतं. ते आधी शोधा.

रजा आणि राजीनामा यांत काय फरक पडतो

"बिनपगारीच राहायचं तर राजीनामा काय आणि रजा काय? पैसे तर दोन्हीकडे नाहीतच." हे वाक्य मी सासूबाईंच्या, नवऱ्याच्या आणि खुद्द त्या मुलींच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याचं उत्तर आकड्यांतच द्यायला हवं.

माझ्या भाचीचंच उदाहरण घ्या. ती चाकणजवळ गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत गुणवत्ता विभागात होती. मूळ पगार 30,000 रुपये आणि बाळंतपणाच्या वेळी नोकरीला चार वर्षं दोन महिने झालेले. ग्रॅच्युइटीचा साधारण नियम पाच वर्षांच्या सलग सेवेचा आहे. तिने तेव्हा राजीनामा दिला असता तर ग्रॅच्युइटी शून्य. मंजूर रजेने मात्र सेवेची सलगता तुटत नाही, हे ग्रॅच्युइटीच्या कायद्यातच आहे. अशी पाच वर्षं पुरी झाली की 30,000 ला 15 ने गुणा, 26 ने भागा आणि पाच वर्षांनी गुणा. 86,538 रुपये होतात. एका शब्दाच्या फरकाने गेले असते.

पैसे ही तर लहान गोष्ट. राजीनामा दिलेली बाई वर्षाने परत येते तेव्हा ती 'उमेदवार' असते. मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, "मध्ये वर्षभर काय करत होतात?" तिचा जुना पगार, जुना ग्रेड, जुनी ज्येष्ठता यांतलं काही तिच्याबरोबर येत नाही. रजेवरची बाई परत येते तेव्हा ती कर्मचारी असते. तिला कुणी प्रश्न विचारत नाही, तिची जागा तिला द्यावी लागते. 2023 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी आयुष्यभर हाच विषय अभ्यासला. स्त्री-पुरुषांच्या कमाईतली आजची तफावत बरीचशी पहिल्या मुलाच्या जन्मानंतर पडते, हे त्यांनी दाखवून दिलं. आपल्या घराघरांत ती तफावत राजीनाम्याच्या कागदावर सही होताना पडते.

केव्हा मागायची

भाचीचा फोन आला तेव्हा तिच्या मुलीला अडीच महिने झाले होते. ती म्हणाली, "मावशी, रजा संपायच्या दिवशी जाऊन साहेबांशी बोलते." मी म्हटलं, "बाई, तोवर उशीर होईल. आत्ता बोल."

यामागे कारण आहे. प्रसूती रजेवर असताना बाईला कामावरून काढणं, त्या काळात संपेल अशी नोटीस देणं किंवा तिच्या सेवाशर्ती तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलणं बेकायदा आहे. म्हणजे त्या 26 आठवड्यांत तुमच्या पाठीशी कायदा उभा असतो. बोलणी करायला याहून भक्कम जमीन तुम्हाला पुढे मिळणार नाही. शिवाय कंपनीलाही माणूस शोधायला वेळ हवा असतो. आदल्या दिवशी सांगितलंत तर होकार द्यायची इच्छा असलेला साहेबही अडचणीत येतो आणि नकार देतो.

आम्ही तारखा मांडल्या. तिची प्रसूती रजा 13 मे रोजी सुरू झाली, मुलगी 10 जूनला झाली. 182 दिवस मोजले की रजा 10 नोव्हेंबरला संपत होती आणि 11 तारखेला कामावर हजर व्हायचं होतं. त्या दिवशी मुलगी पाच महिन्यांची असणार. खात्यावर 30 दिवसांची हक्काची पगारी रजा शिल्लक होती. ती आधी लावली, म्हणजे 10 डिसेंबरपर्यंत पगार, पीएफ आणि विमा चालू. त्यापुढे 11 डिसेंबर ते पुढच्या वर्षीचा 10 नोव्हेंबर, असे अकरा महिने बिनपगारी. परतायचा दिवस 11 नोव्हेंबर आणि तेव्हा मुलगी सतरा महिन्यांची. अर्ज द्यायचा दिवस ठरला सप्टेंबरचा पहिला आठवडा, म्हणजे रजा संपायच्या दहा आठवडे आधी.

पगारी रजा आधी आणि बिनपगारी नंतर, हा क्रम लक्षात ठेवा. पुष्कळ जणी उलटं करतात आणि शिल्लक रजा पुढे वाया जाते.

अर्जात काय लिहायचं

अर्ज मराठीत लिहा नाहीतर इंग्रजीत, पण त्यात रडगाणं नको. "माझी फार अडचण आहे, कृपया समजून घ्यावे" असं लिहिलं की तो दयेचा अर्ज होतो आणि दयेला 'नाही' म्हणणं सोपं असतं. आम्ही लिहिलेला मजकूर असा होता:

"माझी प्रसूती रजा 10 नोव्हेंबरला संपत आहे. मुलीच्या संगोपनासाठी मला 11 नोव्हेंबरपासून एक वर्ष रजा हवी आहे. पहिले 30 दिवस माझ्या शिल्लक पगारी रजेतून आणि उरलेला काळ बिनपगारी धरावा. या काळात माझी सेवा सलग राहील. मी पुढच्या वर्षी 11 नोव्हेंबरला याच ग्रेडवर, याच मूळ पगारावर आणि याच ठिकाणी हजर होईन. माझा निर्णय कायम असल्याचे मी सहा आठवडे आधी लेखी कळवीन. परतल्यावर पहिले तीन महिने अर्धा दिवस काम आणि त्या प्रमाणात पगार, अशी सोय मिळावी. या काळात गटविम्यात माझे व मुलीचे नाव चालू राहावे. हप्त्यातला माझा वाटा मी भरीन. परत आल्यावर किमान एक वर्ष काम करण्याची माझी तयारी आहे."

प्रत्येक ओळ का आहे, ते पाहा. 'सेवा सलग राहील' ही ओळ ग्रॅच्युइटी आणि ज्येष्ठता वाचवते. 'याच ग्रेडवर' हे शब्द नसतील तर परतल्यावर 'समकक्ष जागा' म्हणून काहीही हातात ठेवता येतं. मी पाहिलेली एक बाई गुणवत्ता विभागातून रजेवर गेली आणि परतल्यावर तिला भांडारातल्या नोंदी करायला बसवलं. पगार तोच होता, पण वर्षभरात ती स्वतःच सोडून गेली. विम्याची ओळ तर विसरूच नका. पगारातून हप्ता कापला जाणं थांबलं की गटविमा कधी बंद पडला, हे बाळ दवाखान्यात दाखल झाल्यावरच कळतं.

सहा आठवडे आधी कळवण्याची ओळ कंपनीसाठी आहे. तिला मनाची तयारी करता येते. आणि एक वर्ष काम करण्याची तयारी तुम्ही आपण होऊन लिहिलीत की समोरच्याच्या मनातली सगळ्यात मोठी शंका तुम्हीच आधी मिटवता.

साहेबाच्या मनातले तीन प्रश्न

मी टेबलाच्या पलीकडे बसले आहे, म्हणून सांगते. तिथल्या माणसाच्या मनात तीन प्रश्न असतात. तो दुष्ट नसतो, त्याला वरून आलेलं काम पूर्ण करायचं असतं.

पहिला प्रश्न: वर्षभर काम कोण करणार? यासाठी बारा महिन्यांच्या मुदतीच्या कराराने माणूस घेता येतो. तुमचा पगार वाचतो, त्याच पैशात तो बसतो. तुमच्या कामाची यादी, कोणतं काम कोण पाहतं, कोणत्या नोंदी कुठे आहेत, हे चार पानांत लिहून अर्जाला जोडा. भाचीने ते केलं. तिच्या साहेबांनी नंतर सांगितलं की होकाराचं अर्धं काम त्या चार पानांनी केलं.

दुसरा प्रश्न: ही खरंच परत येईल का? त्याचं उत्तर अर्जात आहेच. त्याशिवाय दर तीन महिन्यांनी एकदा फोनवर अर्धा तास बोलायची तयारी दाखवा. नवीन तपासणी यंत्र आलं, ग्राहक बदलला, कुणी नवा माणूस आला, एवढं कळत राहिलं तरी परतणं सोपं जातं. पण बिनपगारी रजेत काम करून द्यायचं कबूल करू नका. 'जरा एवढी फाइल बघ' इथून सुरू होतं आणि बिनपगारी नोकरी होऊन बसते.

तिसरा प्रश्न कुणी उघड विचारत नाही: हिला दिली तर उद्या सगळे मागतील. त्याला तुम्हीच उत्तर द्या. तीन वर्षं सेवा झालेल्यांना आणि संपूर्ण सेवेत एकदाच, असा नियम करा, असं सुचवा. मागणाऱ्यानेच मर्यादा सुचवली की देणाऱ्याची भीती निम्मी होते.

कुठे फसगत होते

बोलणी चालू असताना काही शब्द कानावर पडले की सावध व्हा.

"आधी राजीनामा दे, वर्षाने अर्ज कर, तुला प्राधान्य देऊ." हा सगळ्यांत गोड सापळा आहे. प्राधान्य या शब्दाला कायद्याच्या तराजूत काही वजन नाही. राजीनामा मात्र एकदा स्वीकारला गेला की परत घेणं कठीण होतं. या वाक्यावर नम्रपणे एवढंच म्हणा, "मला राजीनामा द्यायचा नाही, रजा हवी आहे. आपलं उत्तर लेखी द्या."

"अगं, कागद कशाला, मी आहे ना!" हा माणूस मनापासून बोलत असेल, मला शंका नाही. पण वर्षभरात त्याची बदली होते, तो नोकरी सोडतो, कंपनीचे मालकही बदलतात. नव्या साहेबाला जुन्याने दिलेला शब्द आठवायचं कारण नसतं. तोंडी होकार मिळाला की त्याच संध्याकाळी ईमेल करा: "आज आपल्याशी बोलल्याप्रमाणे असे असे ठरले, चूक असल्यास कळवावे." चार दिवसांत कुणी चूक कळवली नाही तर निदान एक नोंद तरी तुमच्याकडे राहते. खरं बळ मात्र मनुष्यबळ विभागाच्या सहीच्या पत्रालाच असतं. ते हातात पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

तिसरी फसगत अप्रेझलची. वर्षभर काम नाही म्हणून मूल्यांकन शून्य लागतं, त्यावरून पगारवाढ शून्य, आणि पुढची बढती त्या शून्यावर अडते. म्हणून पत्रात लिहून घ्या की रजेच्या वर्षाचं मूल्यांकन होणार नाही आणि बढतीसाठी त्याआधीच्या वर्षाचं धरलं जाईल. पगारवाढ सोडावी लागली तर एक वेळ सोडा, पण शून्याचा शेरा सेवापुस्तकात पडू देऊ नका.

आणि एक चूक आपलीच. हाताशी पैसे नाहीत म्हणून पीएफ काढून टाकणं. वर्षभराचा खर्च आधीच वहीवर मांडा. नवऱ्याच्या पगारात काय भागतं, कोणता हप्ता अडतो, किती शिल्लक लागते ते बघा. आठ महिनेच झेपत असतील तर आठ महिन्यांची रजा मागा. अर्धवट पैशात घेतलेलं वर्ष भांडणात जातं.

काय मिळालं, काय नाही

भाचीला जे मागितलं ते सगळं मिळालं, असं मी सांगणार नाही. तीन आठवडे उत्तर आलं नाही. मग बोलावणं आलं. वर्षाऐवजी नऊ महिने मिळाले, म्हणजे 10 ऑगस्टपर्यंत. सेवा सलग, ग्रेड तोच, विमा चालू, हप्ता तिने भरायचा. अर्ध्या दिवसाचे तीन महिने नाकारले, त्याऐवजी दोन महिने आठवड्यातून दोन दिवस घरून काम करायला परवानगी मिळाली. त्या वर्षाची पगारवाढ नाही.

राहिलेल्या तीन महिन्यांचं काय? इथे भाचीचा नवरा उभा राहिला. तो हिंजवडीला नोकरी करतो. त्याने आपल्या कंपनीत सहा आठवड्यांची बिनपगारी रजा मागितली. त्याच्या साहेबांना वाटलं, घरात कुणी आजारी आहे. "नाही, मुलीला सांभाळायचं आहे," म्हटल्यावर ते क्षणभर गप्प बसले आणि मग मंजूर केली. पुढचे सहा आठवडे आमची ताई आली आणि त्यानंतर मुलगी पाळणाघरात रुळली. खासगी नोकरीत बापाच्या रजेसाठी कायदा नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला 15 दिवस मिळतात, तेवढेच. म्हणून बापांनो, तुम्ही मागाल तेव्हाच ही रजा 'बायकांची भानगड' राहणार नाही. तुम्ही मागितलेली प्रत्येक रजा पुढच्या बाईच्या अर्जाचं वजन वाढवते.

हे दार कुणासाठी

मी जाणते, की हे सगळं नियुक्तीपत्र हातात असलेल्या बाईसाठी आहे. ऊसतोडीला जाणारी, चार घरची धुणीभांडी करणारी, ठेकेदाराच्या हजेरीवर राबणारी बाई कुणाला अर्ज लिहिणार? तिला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या मुलासाठी 5,000 रुपये मिळतात आणि तेवढ्यात तिचं बाळंतपण उरकायचं असतं. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या मजूर बायकांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला, तेव्हा कुठे 2000 साली रोजंदारीवरच्या बाईलाही प्रसूती लाभ मिळाला पाहिजे, असा निकाल लागला. तो हक्क कुणी आयता दिलेला नाही. ज्यांच्याजवळ गमावायला सर्वांत जास्त होतं, त्यांनी तो मागितला. मग नियुक्तीपत्र हातात असलेल्या आपण एक अर्ज लिहायला का घाबरावं?

तेव्हा मैत्रिणींनो, कामाला लागा. सेवाशर्तींची पुस्तिका आजच मागवा आणि बिनपगारी रजेचं कलम शोधा. तारखा मोजा, शिल्लक रजा बघा, अर्ज लिहा, पोच घ्या. नकार आला तर तो लेखी मागा, आणि पुढच्या मुलीला ते कागद वाचायला द्या. एकीचा अर्ज फाइलीत पडतो, पाच जणींचे अर्ज आले की कंपनीला धोरण लिहावं लागतं. कामगार संघटनांनी पुढच्या करारात पगाराच्या मागणीशेजारी ही मागणी ठेवावी. सासवांनी आणि आयांनी "काय कमी आहे, सोड नोकरी" म्हणायच्या आधी एकदा विचारावं, "रजा मिळते का बघितलंस?"

आणि मनुष्यबळ विभागात माझ्या त्या जुन्या खुर्चीवर आज जी कुणी बसली असेल, तिला माझं एवढंच मागणं आहे. उद्या एखादी मुलगी डोळ्यांत झोप घेऊन तुझ्यापुढे उभी राहील आणि विचारेल, "वर्षभर रजा मिळेल का?" तेव्हा मान वर कर, पुस्तिका उघड आणि ते कलम तिला वाचून दाखव. मी दाखवलं नव्हतं.